विटा किती लागतात हे विचारू नका, माल किती जातो ते विचारा

औसेकर (धागा सुरू करणारे): औसा तालुक्यात घर बांधतोय. दारं-खिडक्या वजा करून भिंत 80 चौरस मीटर भरते. गवंडी भट्टीची लाल वीट म्हणतो, मेहुणा परळीची राखेची वीट म्हणतो आणि दुकानदार म्हणतो पोकळ ब्लॉक घ्या, चौरस मीटरला तेरा नगांत काम होतं. एक चौरस मीटर भिंतीला खरं सामान किती लागतं?

साइटवरचा: नगांवर जाऊ नका, तिथंच फसगत होते. लाल वीट 230 × 100 × 75 मिमी आणि सांधा 10 मिमी धरला तर नऊ इंची भिंतीला चौरस मीटरला साधारण 102 विटा आणि 53 लिटर माल, म्हणजे सांध्यात भरायचं सिमेंट-वाळूचं कालवण लागतं. राखेची वीट बऱ्याच ठिकाणी 110 मिमी रुंद मिळते. दोन विटा आणि मधला सांधा मिळून बरोबर 230 होतात, त्यामुळे 98 विटा आणि 44 लिटर मालात भागतं. 390 × 190 × 190 च्या पोकळ ब्लॉकला साडेबारा नग आणि कागदावर फक्त 14 लिटर माल. एकास सहा प्रमाणात सिमेंट अंदाजे 14, 12 आणि 4 किलो. तुमच्या 80 चौरस मीटरला लाल विटेत बावीस-तेवीस पोती, राखेच्या विटेत एकोणीस आणि ब्लॉकमध्ये सहा. यात नासाडी धरलेली नाही.

भट्टीवाला: साहेब, 102 विटा कुठल्या? आमच्या गिऱ्हाइकाला 94 मध्ये भिंत होते. चाळीस वर्षांचा धंदा आहे, वीट कमीच लागते.

साइटवरचा: 94 लागतात हे खरं आहे, पण का लागतात ते बघा. भट्टीची वीट एकसारखी नसते, मग गवंडी सांधा 15 मिमीचा ठेवून थर सपाट करतो. सांधा 15 झाला की विटा 94 वर येतात आणि माल 53 वरून 68 लिटरवर जातो. विटेवरचा खड्डा भरायला जातो तो वेगळाच. म्हणजे आठ विटा वाचल्या आणि 15 लिटर माल वाढला. औसेकर, दहा विटा ओळीत लावा, टेपनं लांबी मोजून दहानं भागा. तसंच रुंदीचं आणि जाडीचं. त्या मापावरच हिशोब करा.

लक्ष्मी (धाराशिव): आमचं घर ब्लॉकचं आहे. स्वयंपाकघरात फडताळ बसवायला भिंतीत ड्रिल मारलं तर स्क्रूचा फिशर पोकळीत गेला, फडताळ खाली आलं. औसेकरांनी मालाआधी हे बघावं.

साइटवरचा: ताई, तिथं ओटा आणि फडताळाच्या उंचीचे ब्लॉक रचतानाच काँक्रीटनं भरून घ्यायचे असतात. बरोबर आहे तुमचं, पण ते वाढीव सामान कुणी हिशोबात धरत नाही.

परळीचा गवंडी: मी तिन्ही रचलंय. 14 लिटर हे कागदावर. माल ब्लॉकच्या दोन्ही कडांवर लावायचा असतो, नवा पोरगा थापी मारतो तर अर्धा माल भोकात पडतो. शिवाय खिडकी 200 मिमीच्या पटीत नसली की ब्लॉक फोडायचा, राहिलेल्या फटीत विटा आणि माल कोंबायचा. मी वीस लिटर धरूनच माल कालवतो. दुसरं, ब्लॉक आठ-दहा दिवसांचा ओला आणला तर भिंत वाळताना सांध्याला उभी चीर पडते. 28 दिवस पाणी पाजलेला, मग वाळलेलाच घ्यायचा. लाल वीट मात्र रचायच्या आधी भिजवावीच लागते, नाहीतर मालातलं पाणी ओढून घेते. उन्हाळ्यात टँकरवर काम असलं की हे पाणी कुणी मोजतं का?

भट्टीवाला: ब्लॉकमध्ये आणि राखेच्या विटेत आधीच सिमेंट घातलेलं असतं, ते का धरत नाही? नुसत्या सांध्यातलं मोजून लाल विटेला महाग ठरवता.

साइटवरचा: राखेच्या विटेत कधी सिमेंट, कधी चुना-जिप्सम असतं. पण मुद्दा रास्त आहे. विकत घेणाऱ्याला ते नगाच्या दरात येतं, म्हणून मी वेगळं मांडलं नाही. सिमेंटची खरी एकूण तुलना करायची तर तुमचंच बरोबर.

किल्लारी परिसरातला: 1993 च्या भूकंपानंतर आम्ही इथं भिंतीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. ब्लॉकची भिंत वजन उचलणार असेल तर कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूला उभी सळई घालून पोकळी भरावी लागते, वर सळईचा काँक्रीट पट्टा लागतो. ते सामान धरल्यावर सहा पोती उरणार नाहीत. लाल विटेलाही पट्टे लागतातच. औसेकर, तुमचं घर कॉलमवर आहे की भिंतीवर? ते न सांगता हा हिशोब अर्धा आहे.

औसेकर: तळमजला भिंतीवरच आहे. गिलावा किती जातो तेही कुणी सांगा, कारण गवंडी म्हणतो लाल विटेची एक बाजू सरळ येत नाही.

परळीचा गवंडी: येत नाही ते खरं. एका बाजूला ओळंबा धरला की दुसरीकडं विटा आत-बाहेर होतात, तिथं गिलावा दीड-दोन सेंटीमीटर जातो. राखेच्या विटेवर आणि ब्लॉकवर मी सव्वा सेंटीमीटरमध्ये आवरतो. तुमच्या 80 चौरस मीटरमध्ये त्या एका बाजूला अर्धा सेंटीमीटर वाचला तरी 400 लिटर माल झाला. हे कुणी आधी मांडत नाही.