हुद्दा आधी, बाकी वाक्यात

> पाहुणे पीएचडी आहेत, प्राध्यापक आहेत आणि निवृत्त लेफ्टनंट कर्नलही. नावाआधी काय लावू?

पत्रिकेवर लष्करी हुद्दा पहिला, मग डॉ., मग नाव आणि शेवटी कंसात निवृत्त: ‘लेफ्टनंट कर्नल डॉ. अमुक तमुक (निवृत्त)’. ‘निवृत्त’ हुद्द्याला चिकटवू नका. लष्करात मानतात की अधिकारी निवृत्त होतो, हुद्दा नाही. म्हणून तो शब्द नावानंतर येतो.

‘प्रा. डॉ.’ अशी रांग आपल्याकडे सर्रास लागते, पण इथे हुद्द्यापुढे ती फार लांबते. प्राध्यापकपद परिचयाच्या वाक्यात सांगा: कुठे, कोणता विषय शिकवतात. श्रोत्यांना त्यातून जास्त कळतं.

बोलताना निकष एकच, व्याख्यानाचा विषय. सीमेवरच्या अनुभवांवर बोलणार असतील तर ‘कर्नल साहेब’ (लेफ्टनंट कर्नललाही बोलताना कर्नलच म्हणतात), संशोधनावर असेल तर ‘डॉ. तमुक’. एकदा निवडलेलं संबोधन आभारापर्यंत तेच ठेवा. सूत्रसंचालक ‘कर्नल’ आणि अध्यक्ष ‘सर’ म्हणाले की सभागृह गोंधळतं.

पद्मश्री असेल तर ती नावाला जोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ते स्पष्ट केलंय. ‘पद्मश्रीने सन्मानित’ असं वेगळं सांगा.

आणि आदल्या दिवशी पाहुण्यांनाच फोन करून विचारा. काहींना हुद्दा नकोच असतो.