प्रकरणाच्या प्रस्तावात दावा हवा
> ‘स्थलांतर आणि स्मृती’ या संपादित ग्रंथासाठी ३०० शब्दांचा प्रस्ताव द्यायचाय. ‘कामगारांच्या पत्रांचा अभ्यास’ असा विषय मांडलाय. पुरेल का?

नाही, हा नुसता विषय झाला. संपादकाला दावा हवा असतो, म्हणजे ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल असं वाक्य. उदाहरणार्थ: ‘या पत्रांतलं गाव आठवणीतलं नसून, घरच्यांनी पैशांची निकड समजून घ्यावी म्हणून रचलेलं आहे.’ हे वाक्य पहिल्या दोन ओळींतच यावं. मग कोणती पत्रं, किती आणि ती तुमच्या हाती आहेत का, तेही लिहा.

ग्रंथाशी नातं सांगताना प्रकरणं मागवणाऱ्या आवाहनातलेच शब्द परत लिहू नका (संपादकांनीच ते लिहिलेले असतात!). त्यांच्या एखाद्या प्रश्नाला तुमचा दावा कुठे छेद देतो ते दाखवा. इथे ‘स्मृती’ ही भावना की व्यवहार, हा वाद तुम्ही आणताय.

पूर्ण प्रकरण कधी द्याल, त्या तारखेचा हिशेब बाकी कामांवरून करा. पत्रांची छाननी बाकी असेल, तर तिचे महिने आधी धरा. मग लेखन, सहकाऱ्याचं वाचन, छायाचित्रांच्या परवानग्या. परवानग्या सर्वांत जास्त रखडतात. मार्चमध्ये जमेलसं वाटलं तर मे लिहा, पण आवाहनात प्रकरणाची अंतिम तारीख एप्रिलमधली असेल तर प्रस्तावाआधीच संपादकांना विचारा.