अनुभव धागा: फी भरून परदेशी स्वयंसेवा, साइट कशी पारखलीत?

भाचीला परदेशातल्या अनाथालयात शिकवायला जायचंय. साइटवर हसरी मुलं, 'आयुष्य बदलून टाकणारा अनुभव' आणि फीचा आकडा, एवढंच दिसतं. फी मागतात म्हणजेच लबाडी समजायची का? स्वयंसेवा असो वा इंटर्नशिप, जे गेलेत किंवा जाता जाता थांबलेत त्यांनी लिहा.

चैतन्य: सरळ आहे, फी मागितली की फसवणूक. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक फी भरत नाहीत, उलट त्यांनाच निर्वाह भत्ता मिळतो.

रानवाट: भत्ता मिळतो हे खरं, पण तिथे बहुतेक जागांना शिक्षण आणि अनुभव लागतो. राहणं, जेवण, देखरेख करणारा माणूस, याला खर्च येतोच. फी असण्यापेक्षा तिची फोड न देणं वाईट.

असे स्वयंसेवक येणाऱ्या शाळेत मी नोकरी केली आहे, म्हणून सांगते, आधी तारखा बघा. 'दर सोमवारी सुरुवात, पात्रतेची अट नाही' असं असेल तर जागा मुलांच्या गरजेने नाही, येणाऱ्याच्या सुट्टीने ठरलेली असते. आमच्या एका वर्गाने रंगांची इंग्रजी नावं पुन्हा पुन्हा शिकली, कारण नवा आलेला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करायचा. साइटला लिहून विचारा: संस्थेचं नाव काय, माझ्या फीतले त्यांना किती पोचतात, मी गेल्यावर हे काम कोण करणार? 'नाव पैसे भरल्यावर कळवू' म्हणाले तर पुढे जाऊ नका. नाव मिळालं तर त्या संस्थेला थेट पत्र टाका. आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही खरं सांगायचो: राहण्याजेवणाचे पैसे मिळतात, बाकीचे कुठे जातात ते आम्हालाही माहीत नाही.

अनाथालयाला मात्र मी नाहीच म्हणेन. नेपाळ, कंबोडियात अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलंय. पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुलं घरून आणून ठेवली जातात.

मीनल: माझी मार्केटिंगची इंटर्नशिप आहे, फी भरून झाली. पत्रात 'पर्यटक व्हिसावर या' लिहिलंय. तिथे स्वस्त खोली कशी शोधायची?

रानवाट: मीनल, खोली राहू दे, आधी व्हिसा बघ. पर्यटक व्हिसावर बऱ्याच देशांत बिनपगारी कामही चालत नाही. त्या देशाच्या वकिलातीला स्वतः विचार, आणि करारात 'व्हिसाची जबाबदारी उमेदवाराची' असं वाक्य आहे का शोध. असेल तर अडचणीत तूच सापडशील.

सुहास: web.archive.org वर साइटचा पत्ता टाकून जुनी पानं बघा. मी पाहिलेल्या एका साइटवर 'शेवटच्या दोन जागा, सवलत रविवारपर्यंत' ही पट्टी आदल्या वर्षीच्या पानावरही तशीच होती. गेलेल्यांचे अभिप्रायही तेच, फक्त खालची नावं बदललेली.

धागाकर्ती: अनाथालय रद्द. शाळेच्या कामासाठी नाव मागितलं, लगेच मिळालं. पण संस्थेचा आणि साइटचा फोन नंबर एकच निघाला. संस्था त्यांचीच असेल तर थेट पत्र टाकून काय कळणार?

रानवाट: तिथल्या सरकारी नोंदणीत विश्वस्तांची नावं मिळतात का बघा. काही देशांत मिळतात. जिथे मिळत नाहीत तिथे कसं करायचं, हे कुणी केलं असेल तर मलाही हवंय.