मदत हवी आहे: दहा दिवस, एकच छोटी बॅग आणि भरवसा नसलेली हवा

पुढच्या महिन्यात दहा दिवस परदेशात जातेय. सात किलोची केबिन बॅग, बस्स. पहाटे ८ अंश, दुपारी २४, मध्येच पाऊस, असं हवामान आहे.

काल पलंगावर सगळं मांडून बघितलं. गडद निळी आणि करडी अशा दोन पँट, पाच टॉप, एक पातळ लोकरी स्वेटर, वरून घालायला पावसाचं जाकीट. जाड कोट काढूनच टाकला. थंडी वाजली तर टॉप, स्वेटर, जाकीट असं एकावर एक चढवायचं आणि ऊन आलं की उतरवायचं. पण जाकीट जरा सैल हवं, हे घालून बघितल्यावर कळलं. माझं स्वेटरवरून काखेत काचतं, हात वर होत नाही! मोठ्या मापाचं घ्यावं, की स्वेटरऐवजी अंगालगतचा गरम बनियन चालेल?

दुसरा घोळ मोहरी रंगाच्या टॉपचा. जीव आहे त्याच्यावर, पण तो फक्त निळ्या पँटवरच जातो. बाकीचे चारही दोन्हींवर चालतात. मन मोठं करून ठेवून जाऊ का?

आणि जीन्स? मागच्या वेळी रात्री धुतलेली जीन्स सकाळी कमरेपाशी ओलीच होती, तशीच घालून फिरले. टॉप मात्र टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले की सकाळपर्यंत वाळतात. पटकन वाळणारी, तरी चारचौघांत बरी दिसणारी पँट कुठल्या कापडाची घेता तुम्ही?