अनुभव धागा: ब्रेडबोर्डवरचा पहिला एलईडी आणि तो रेझिस्टर

मुक्ता_ठाणे
लेकीने सुट्टीत आर्डुइनो उनोवर पहिला एलईडी लावला, त्याचा फोटो टाकलाय. तिने मला समजावलं तसंच सांगते. लाल वायर बोर्डच्या पिन 13 मधून निघून ब्रेडबोर्डच्या 10 नंबरच्या ओळीत जाते. त्या ओळीतली पाच भोकं आतून एकाच पट्टीला जोडलेली असतात, म्हणून शेजारच्या भोकात रेझिस्टरचा एक पाय खोचला की तो वायरला जोडला गेला. दुसरा पाय 15 मध्ये, तिथेच एलईडीचा लांब पाय, आखूड पाय 16 मध्ये आणि 16 मधून काळी वायर परत बोर्डच्या ग्राउंडला. झालं वर्तुळ पूर्ण. पण "रेझिस्टर कशाला गं?" विचारल्यावर ती म्हणाली "नाहीतर जळतो" आणि पुढे दोघींनाही सांगता येईना. तुमचे अनुभव लिहा.

नाशिकचा_बाबा
आमच्याकडे रेझिस्टर लावूनही एलईडी गेला! मुलगा रडकुंडीला आलेला, आधी एकदम लख्ख पेटला आणि थोड्या वेळाने पिवळट होऊन बंद. तासभर शोधलं तेव्हा दिसलं की रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याने एकाच ओळीत खोचले होते, वायर आणि एलईडीचा लांब पायही त्याच ओळीत. करंटला आतली धातूची पट्टी सरळ मिळाली, तो रेझिस्टरमधून जाईलच कशाला. तेव्हापासून पॉवर द्यायच्या आधी त्याला बोट ठेवून ओळींचे नंबर मोठ्याने वाचायला लावतो.

वायरमन_काका
मुक्ताताई, एलईडी साध्या बल्बसारखा वागत नाही हे मुख्य कारण. लाल एलईडीला दीड व्होल्ट दिले तर जवळपास काहीच होत नाही, 2 च्या आसपास तो पेटतो आणि त्याच्यापुढे व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट उसळी मारून कितीतरी पट होतो, स्वतःला आवर घालत नाही. पिन देते 5 व्होल्ट. त्यातले 2 एलईडीने घेतले, उरलेले 3 कुणीतरी पेलायला हवेत, ते काम रेझिस्टरचं. तुमच्या फोटोत पट्टे लाल-लाल-तपकिरी दिसतायत म्हणजे 220 ओहम, तर 3 भागिले 220, साधारण 14 मिलिअँप. उनोच्या पिनकडून 20 पर्यंत घ्यावेत, 40 ही शेवटची मर्यादा, त्यापुढे चिपच जायची. म्हणजे रेझिस्टर एलईडीइतकाच पिनलाही वाचवतो.

रानवारा
मी तर आठ महिने विनारेझिस्टर चालवतोय, पिन 13 मध्ये आधीच रेझिस्टर असतो असं वाचलेलं. आणि लावायचाच तर प्लसच्या बाजूलाच लावावा लागतो, ग्राउंडकडे लावला तर करंट आधीच एलईडीत घुसलेला असतो.

वायरमन_काका
रानवारा, काही जुन्या आर्डुइनो बोर्डांवर पिन 13 ला खरंच साधारण 1000 ओहम होते, तिथूनच हा समज आलाय. उनोवर तसं नाही, तिथला रेझिस्टर फक्त बोर्डवरच्या छोट्या एलईडीसाठी आहे. तुमचा टिकलाय कारण चिपच्या आत थोडा अडथळा असतो आणि ओढ वाढली की पिनचं व्होल्टेज खाली बसतं, पण तो सगळा ताण चिप सोसतेय. जागेचं म्हणाल तर एकाच रांगेतल्या सगळ्यांतून तेवढाच करंट जातो, रेझिस्टर आधी ठेवा की नंतर, फरक नाही. उलटून बघा, उजेड तोच राहील.

पूर्वा_के
मला वेगळंच विचारायचंय, देवघरात 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर एक लाल एलईडी लावला, रेझिस्टर हाच 220 चा. पेटतो पण रेझिस्टरला हात लावला तर चटका बसतो आणि त्याचा रंग काळपट झालाय, एलईडी खराब आहे का?

वायरमन_काका
पूर्वाताई, आत्ताच प्लग काढा. 12 मधून 2 गेले, 10 व्होल्ट त्या बिचाऱ्यावर, 45 मिलिअँप होतात आणि जवळपास अर्धा वॅट उष्णता. आपण वापरतो तो पाव वॅटचा. 1 किलोओहम लावा, 10 मिलिअँपवर छान पेटेल आणि रेझिस्टर थोडासाच कोमट राहील.

नाशिकचा_बाबा
एक भर. एलईडी पेटतच नसेल तर पिन 13 वापरत असल्यास बोर्डवरचा छोटा दिवा बघा. तो लुकलुकतोय आणि बाहेरचा नाही, म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे, ओळ चुकलीय किंवा एलईडी उलटा आहे. आणि अगदी मिणमिणता असेल तर पट्टे नीट बघा, आमच्या पाकिटात लाल-लाल-केशरी निघाला होता, तो 22 किलोओहम.

रानवारा
काका, 220 लावला आणि उलटून पण पाहिलं, उजेड खरंच सारखाच. पण तोच एलईडी-रेझिस्टर जोडून बोर्डच्या पिनवरच मल्टीमीटर धरला तर पिन 9 वर 4.7 व्होल्ट येतात आणि 13 वर 4.1. आठ महिन्यांत पिन दुखावली का?

वायरमन_काका
असू शकतं, पण 13 वर बोर्डचा स्वतःचा भागही जोडलेला असतो, आणि तुमच्याकडे आधीचा आकडा नाही. दुसरा नवा उनो मिळाला तर त्याच्या 13 वर हीच जोडणी करून मोजा आणि इथे लिहा.