कन्सोल चालू केला की टीव्ही उठतो, साउंडबार मात्र झोपलेलाच – मदत हवी आहे

कन्सोल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला आहे, साउंडबार ई-आर्क पोर्टला. सीईसी तिन्हीकडे चालू आहे. कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्ही उठतो, इनपुटही आपोआप बदलतो, पण आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. गंमत म्हणजे टीव्हीच्या रिमोटने चालू केलं तर साउंडबार लगेच जागा होतो. म्हणजे १३ नंबरच्या पिनवरची सीईसीची तार शाबूत असावी, केबलवर माझा संशय नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे कन्सोल फक्त 'जागा हो' आणि 'आता चित्र माझं' एवढंच टीव्हीला कळवतो. मग साउंडबारला उठवायचं काम टीव्हीचं की कन्सोलचं? कन्सोल थेट साउंडबारला जोडून कुणाचं हे सुटलंय का?