मदत हवी आहे: चंदेरीच्या ब्लाउजवर टक्सच्या खुणा कशाने कराव्यात?

सुईदोरा

नमस्कार. मला चंदेरी सिल्कचा चार टक्सचा ब्लाउज शिवायचा आहे आणि पुढच्या रविवारी मुंजीला तो नेसायच्या साडीबरोबर तयार हवा आहे. कापड कापून झाले आहे, परंतु टक्सच्या खुणांपाशी मी अडले आहे. उरलेल्या तुकड्यावर तीन प्रकार करून पाहिले. साध्या खडूची रेघ कापड मशीनपर्यंत नेईतो झडून जाते. दुसऱ्या, गुळगुळीत खडूची रेघ टिकते, पण इस्त्री फिरवल्यावर तिचा तेलकट डाग सुलट बाजूने दिसतो. दातेरी ट्रेसिंग व्हील फिरवले तर जरीच्या बुट्टीतला एक दोरा ओढला गेला. सुती पॉपलिनवर हेच व्हील मी नेहमी वापरते आणि तिथे कधीच अडचण येत नाही. तर चंदेरीवर नेमके काय वापरावे? कृपया लवकर सांगावे.

मुंढा_आणि_कंबर

आपण अस्तर लावणार आहात की नाही, हे लिहिलेले नाही. कापडाचा रंग आणि खुणा कोणत्या बाजूने करत आहात, हेही कळले तर बरे होईल. चंदेरी पारदर्शक असते, त्यामुळे उत्तर बरेचसे या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

जुना_कारागीर

ताई, तो गुळगुळीत खडू मेणाचा आहे आणि त्याच्यात काहीही वाईट नाही. मी आयुष्यभर कोट आणि पँट शिवल्या. आमच्याकडे सगळे मेणाच्याच खडूने आखतात आणि वाफेची इस्त्री फिरली की रेघ नाहीशी होते. आपली इस्त्री पुरेशी गरम नसावी. ओले फडके टाकून जोरात दाबून पाहा.

खणाची_चोळी

काका, लोकरी सुटिंगवर आपले म्हणणे पूर्ण खरे आहे. तिथे सूत जाड आणि केसाळ असते, वितळलेले मेण त्यात पसरून मुरते आणि पृष्ठभागावर काही उरत नाही. चंदेरीत ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत असते, वीण विरळ असते आणि मेणाला मुरायला जागाच नसते. त्यामुळे ते धाग्यावरच पसरते आणि डाग होऊन बसते. इस्त्री जितकी गरम, तितका डाग पक्का. ताईंनी कृपया फडके टाकून दाबू नये. तुकड्यावरचा डाग काढून पाहायचा असेल, तर वर आणि खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री हलकेच टेकवावी आणि कागद बदलत राहावे. बरेचसे मेण कागदात उतरते, पण सगळे उतरेलच असे नाही.

मलमल

माझ्या मुलीच्या मखमली जॅकेटला मी पांढऱ्या खडूने खुणा केल्या आणि त्या लवेत कुठे गेल्या ते सापडलेच नाही. मखमलीवर कोणी काय वापरते? व्हील फिरवले तर लव दबून कायमची रेघ पडेल, अशी भीती वाटते.

सुईदोरा

अस्तर अर्थातच आहे, सुती मलमलीचे, चंदेरीच्याच फिक्या पिस्ता रंगाचे. खुणा उलट बाजूनेच करत होते, तरीही दिसतात. आता कोणीतरी एक निश्चित पद्धत सांगावी, ही विनंती.

रंगीत_बटण

हवेत उडून जाणारी जांभळी शाई असलेली पेन मिळते. मी तीच वापरते आणि मला खडू, कार्बन, व्हील कशाचीच गरज पडत नाही. आज खूण करावी, उद्या ती आपोआप गेलेली असते.

मुंढा_आणि_कंबर

पेन चांगली आहे, परंतु दोन अटी आहेत. खूण जाण्यापूर्वी तिच्यावर इस्त्री फिरली तर शाई पक्की होऊ शकते, आणि टक शिवला की तो लगेच दाबावा लागतोच. शिवाय दमट हवेत खूण फार लवकर उडते. दोन बैठकींत शिवणाऱ्या माणसाला तिचा भरवसा नाही. सुती कापडावर मी ती वापरते, रेशमावर तुकड्यावर पाहिल्याशिवाय वापरत नाही.

खणाची_चोळी

सुईदोरा ताई, आता अस्तराचे कळले, म्हणून सविस्तर लिहिते. आपण अस्तर आणि चंदेरी एकत्र धरून टक घालणार, की दोन्हींचे टक वेगवेगळे शिवून मग जोडणार? माझ्या मते खुणा कशाने कराव्यात याचे उत्तर या निर्णयात आहे.

वेगवेगळे शिवले, तर चंदेरीच्या टकाची घडी चंदेरी आणि अस्तर यांच्या मध्ये येते आणि पारदर्शक कापडातून ती गडद पाचरीसारखी बाहेर दिसते. एकत्र शिवले, तर घडी अस्तराच्या मागे जाते आणि समोरून फक्त शिवणीची रेघ दिसते. याचा आणखी एक लाभ असा, की सर्व खुणा अस्तरावर करता येतात आणि चंदेरीला खडू, मेण, कार्बन यांपैकी काहीही लागत नाही. मलमलीवर आपले दातेरी व्हील आणि फिक्या रंगाचा शिवणकामाचा कार्बन वापरा, ती त्याचीच जागा आहे. खुणा अस्तराच्या त्या बाजूवर हव्यात, जी ब्लाउजच्या आत दिसणार आहे. टेबलावर जुने मासिक पसरून घ्या, म्हणजे दाते नीट रुततात. कार्यालयातला निळा किंवा काळा कार्बन मात्र चुकूनही घेऊ नये, तो धुऊन जात नाही.

मलमल आधी भिजवून वाळवून घेतलेली असावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटेल आणि टकाच्या टोकाशी चंदेरी फुगेल.

नंतर चंदेरी उलट बाजू वर करून सपाट पसरा, तिच्यावर अस्तर खुणांची बाजू वर करून ठेवा आणि कडेने टाचून कच्चा टाका घाला. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक टकाच्या मधल्या रेषेवरही कच्चा टाका घाला आणि तो टोकाच्या पुढे अर्धा इंच न्या. टक दुमडताना दोन थर एकमेकांवरून सरकतात ते याने थांबते, आणि अस्तरावर अचूक असलेली खूण चंदेरीवरही अचूक राहते.

कटोरी

मला हे पटत नाही. कच्च्या टाक्याने दोन थर जोडण्यात अर्धा दिवस जातो. मी टकाच्या पायांना कडेवर कातरीने खाच मारते, टोकाला टाचणी टोचते आणि शिवते. बाजारातले कारागीर असेच करतात.

खणाची_चोळी

ज्याचा हात रोज चालतो त्याच्या टाचणीवर मी शंका घेणार नाही. परंतु चंदेरीत टाचणी घसरते, आणि खाचेविषयी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हे कापड उसवते, म्हणून खाच पाव इंचाच्या निम्म्याहून खोल नको. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत आपण इंच-दीड इंच माया ठेवतो ती पुढे ब्लाउज सैल करता यावा म्हणून. तिथला टक शिवणीच्या रेषेवरून सुरू होतो. खाच त्या रेषेपर्यंत नेली तर पुढे माया सोडताना तिथे भोक दिसेल, आणि ती कडेपुरतीच मारली तर ती रेषेपासून इतकी दूर राहते की टकाची रुंदी चुकते. म्हणून बाजूला खाच मारूच नये, तिथे धागाच हवा.

सुईदोरा

दोन्ही थरांचे टक वेगळे घालून अस्तर आतून स्वच्छ दिसावे, असा माझा विचार होता, कारण ब्लाउज ज्यांच्यासाठी आहे त्या मावशींना आतली कड उघडी दिसलेली आवडत नाही. पाचरीचा मुद्दा लक्षात आला, तुकड्यावर उजेडात धरून पाहिले आणि घडी खरोखरच दिसली. तरीही एकत्र शिवायचे नसेल, तर धाग्याने खुणा कशा करायच्या? आणि चार टक्सला किती खुणा लागतील?

खणाची_चोळी

आतली कड स्वच्छ हवी असेल, तर शिवणींवर ओव्हरलॉक किंवा पायपिंग करता येईल, त्यासाठी टक वेगळे करण्याची गरज नाही. पण धाग्याची पद्धत सांगते, कारण बाजूच्या टकाला ती लागेलच.

पुढच्या एका भागात चार टक, म्हणजे प्रत्येकी दोन पाय आणि एक टोक मिळून बारा बिंदू होतात. मुंढा, कंबर आणि पुढची कड इथले सहा पाय कडेवर येतात, तिथे बारीक खाच चालते. बाजूच्या टकाचे दोन पाय मायेच्या आत, शिवणीच्या रेषेवर असतात, आणि चार टोके कापडाच्या मध्ये असतात. म्हणून धाग्याच्या खुणा सहाच लागतात.

दोन्ही पुढचे भाग सुलट बाजू एकमेकींकडे करून ठेवा आणि वर कागदी पॅटर्न पुन्हा लावा. बारीक सुईत मऊ सुती धागा दुहेरी घ्या, गाठ मारू नका. रंग वेगळा हवा, पण गडद लाल किंवा काळा नको, कारण त्याची धूळ फिक्या कापडात राहते. कागद आणि दोन्ही थर यांतून एक छोटा टाका घ्या, धाग्याचे टोक इंचभर सोडा, त्याच जागी दुसरा टाका घेऊन बोटभर सैल फास ठेवा आणि पुन्हा इंचभर धागा सोडून कापा. सगळ्या खुणा झाल्यावर फास मधोमध कापून कागद हलकेच उचला. नंतर दोन थर पाऊण इंच दूर करा आणि मधले धागे कापा. दोन्ही भागांवर समान जागी तुरे राहतात, म्हणून डावा-उजवा टक कधीच वेगळा होत नाही. गुळगुळीत पॉलिएस्टर धागा टाळा, तो निसटतो.

टक शिवताना शिवण तुऱ्यावरून नेऊ नका, अगदी शेजारून न्या, आणि इस्त्रीपूर्वी चिमट्याने धागे काढा. दाबल्यावर धाग्याचा ठसा रेशमावर उमटतो.

मलमल ताई, मखमलीवरही हेच टाके चालतात, फक्त रेशमी धाग्याने घाला. तिथे थर फार सरकतात, म्हणून मी दोन्ही भागांवर एकेक करून खुणा करते. व्हीलविषयी आपली भीती बरोबर आहे.

जुना_कारागीर

मेणाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, रेशमाचा माझा अनुभव थोडाच आहे. कोटाच्या दोन भागांवर खुणा उतरवताना आम्हीही हेच फासाचे टाके घालतो, कारण जाड लोकरीवर कार्बन उमटतच नाही. एक सुचवतो, टकाचे टोक छातीच्या बिंदूपर्यंत नेऊ नका, अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबवा.

रंगीत_बटण

आणि टोकाशी शिवण उलट फिरवून पक्की करू नये, धागे सोडून हाताने गाठ मारावी. नाहीतर टोकाला भोवरा येतो.

कटोरी

हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, पण मुद्दा बरोबर आहे. तरीही सहा टाक्यांसाठी कागद पुन्हा लावणे मला जास्तीचे वाटते. मी टाचणीवरच राहीन.

सुईदोरा

एकत्र टक घालण्याचे ठरवले. अस्तरावर व्हीलने खुणा केल्या, थर जोडले आणि बाजूच्या टकाच्या पायांना धागे घातले. एका भागाचा कमरेकडचा टक शिवून पाहिला, समोरून फक्त शिवण दिसते. आता एकच अडचण उरली आहे. कमरेला जरीची पट्टी आहे आणि टकाचे पाय तिच्यावर येतात. तिथली बारीक खाच जरीमुळे उघडते आहे, आणि धाग्याने सुई घालू गेले तर जर वाकते.

मुंढा_आणि_कंबर

पट्टीवर खाचही नको आणि टाकाही नको. अस्तराच्या कडेवर खूण आहेच, तिच्यावरच भरवसा ठेवा आणि पट्टीचा भाग टाचणीऐवजी कापडी क्लिपने धरा. जरीचा दोरा किती रुंद आहे आणि पट्टी शिवणीच्या आत किती जाते, हे सांगितले तर अधिक नेमके सांगता येईल.